दुधाच्या पासबुकातला चुकारा कसा तपासायचा : फॅट, एसएनएफ, दर आणि कपात, ओळीने

नागपूर जिल्ह्यात दूध संस्थेला दूध घालणारी बहुतेक मंडळी पासबुक शेवटून वाचतात. आधी 'हातात किती' तो आकडा, मग कपातीवर नाराजी, आणि फारच झालं तर 'फॅट कमी लावली' म्हणून सचिवाशी बोलाचाली. मधले रकाने तसेच राहतात, आणि पैसे बहुतेक वेळा तिथेच गळालेले असतात.

पासबुक डावीकडून उजवीकडे वाचायचं असतं: दूध किती, फॅट किती, एसएनएफ किती, दर किती, रक्कम किती, कपात किती. आधीचा रकाना तपासल्याशिवाय पुढच्यावर जायचं नाही. हा क्रम मोडला की भांडण चुकीच्या रकान्यावर होतं आणि सचिव दोन मिनिटांत तुम्हाला गप्प करतो.

हा लेख गाईच्या दुधाचा आणि दहा दिवसांच्या चुकाऱ्याचा आहे. उदाहरणातले दर आणि आकडे हिशोब समजावा म्हणून घेतले आहेत. तुमच्या संस्थेचा तक्ता वेगळा असेल, पद्धत हीच.

## तयारी : बसण्याआधी काय जवळ हवं

चार कागद लागतात. पासबुक, दर वेळेला मशीनमधून निघणाऱ्या पावत्या, त्या काळात लागू असलेला दरतक्ता, आणि संस्थेकडून उधार घेतलेल्या मालाच्या चिठ्ठ्या, म्हणजे ढेप, चुनी, खनिज मिश्रण, औषध, जे काय असेल ते. यातला दरतक्ताच नेमका कुणाकडे नसतो. भिंतीवर लावलेला असेल तर मोबाईलवर फोटो काढा, आणि फोटोत 'दिनांक … पासून लागू' ही ओळ आली पाहिजे. तारखेशिवायचा तक्ता हिशोबाला उपयोगाचा नाही. दर चुकाऱ्याच्या मधोमध बदलला तर पहिल्या चार दिवसांना जुना आणि पुढच्या सहा दिवसांना नवा तक्ता लागतो.

पावत्या फेकू नका. त्यांची शाई उन्हाने उडते, म्हणून डब्यात ठेवा. पावतीऐवजी मोबाईलवर संदेश येत असेल तर तो चुकारा मिळेपर्यंत पुसू नका.

सावध : पासबुकात संस्थेच्या माणसाने हाताने लिहिलेलं असेल, तर ते पावतीवरून उतरवलेलं असतं. ३.७ चा ३.१ वाचला जातो, ८.४ चा ८.१ होतो. त्यात लबाडी असेलच असं नाही, पण रक्कम तुमचीच कमी होते.

## टप्पा १ : कोड आणि दुधाचा प्रकार

पहिल्या पानावरचा तुमचा सभासद क्रमांक पावतीवरच्या क्रमांकाशी जुळवा. एकाच आडनावाची चार घरं असलेल्या गावात हे आधी करावंच लागतं.

मग प्रकार पाहा: गाय की म्हैस. गाईच्या दुधाचा मूळ दर महाराष्ट्रात साधारणपणे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरतात, म्हशीचा ६.० आणि ९.० ला. दोन्हींचे तक्ते वेगळे, आणि मशीनवर चाचणीचा प्रकारही वेगळा निवडावा लागतो. म्हशीचं दूध गाईच्या खात्यावर पडलं तर फॅट भरपूर दिसते, तरी दर म्हशीचा मिळत नाही. घरी दोन्ही जनावरं असतील तर किटल्याही दोन ठेवा. मिसळलेलं दूध कोणत्याच तक्त्यात नीट बसत नाही.

## टप्पा २ : दूध किती, किलो की लिटर

काटा किलो दाखवतो आणि पासबुकात लिटर लिहिलेले असतात. गाईचं एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं. म्हणून काट्यावरचा आकडा १.०३ ने भागला की लिटर येतात.

समजा सकाळी काट्यावर ८.६५ किलो दिसले. ८.६५ ÷ १.०३ म्हणजे ८.३९८, म्हणजे ८.४ लिटर. पासबुकात ८.४ असेल तर बरोबर. ८.६५ असेल तर एकतर दर किलोवर आहे किंवा नोंद चुकली आहे, आणि दोन्ही बाबतीत विचारायला हवं. दर लिटरचा आणि भागाकार दोनदा, असा प्रकारही होतो: काटा आधीच लिटर दाखवत असतो आणि संगणक पुन्हा १.०३ ने भागतो. तेव्हा शंभर लिटरमागे जवळपास तीन लिटर नुसते कागदावर गायब होतात.

दुसरी गोष्ट काट्याच्या बारकाईची. १०० ग्रॅमच्या टप्प्याने मोजणारा काटा ८.६९ ला ८.६ लिहून उरलेलं सोडत असेल, तर दर वेळी सरासरी ४५-५० ग्रॅम जातात. दिवसाच्या दोन वेळा, दहा दिवस, म्हणजे एका चुकाऱ्यात किलोभर दूध. एका घराला तीसेक रुपये ही काही मोठी रक्कम नाही, पण दीडशे सभासदांच्या संस्थेत ती कुठे जाते हे आमसभेत विचारायला हरकत नाही. १० ग्रॅमच्या टप्प्याचा काटा असेल तर हा प्रश्नच उरत नाही.

तपासा : दूध ओतण्याआधी काट्यावर शून्य दिसतं का. भांडं ठेवून शून्य केलेलं असावं. काट्यावर वैधमापनशास्त्र विभागाची चालू वर्षाची मोहोर आहे का, तेही पाहा. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करून घ्यावी लागते.

## टप्पा ३ : फॅट

फॅटच्या रकान्यावर सगळ्यांचं लक्ष असतं, म्हणून इथे लांबण लावत नाही. दोन गोष्टी मात्र माहीत हव्यात.

सकाळ आणि संध्याकाळची फॅट सारखी येत नाही. रात्रीचं अंतर मोठं, दूध जास्त, म्हणून सकाळी फॅट कमी. संध्याकाळी दूध कमी आणि फॅट जास्त. सकाळी ३.७ आणि संध्याकाळी ४.१ हे अगदी नैसर्गिक आहे. उलट दहा दिवस दोन्ही वेळेला एकसारखी ३.७ च दिसली, तर मशीन न लावता आकडा भरला जातोय असा संशय घ्यायला जागा आहे. गाईचं दूध इतकं शिस्तीचं नसतं.

दुसरं, नमुना. मलई वर येते. किटली न ढवळता वरून नमुना घेतला तर फॅट जास्त दिसते, तळातून घेतला तर कमी. धारेच्या शेवटच्या दुधात फॅट सगळ्यात जास्त असते, आणि तेच वासराला सोडलं तर किटलीतली फॅट उतरते. त्यात मशीनचा दोष नाही.

तपासा : मशीन ३.७८ दाखवतं आणि पासबुकात ३.७ येतं का? दुसरा आकडा सरळ तोडायचा की जवळचा धरायचा हा संस्थेचा नियम असतो. तो नियम एसएनएफलाही तोच आणि सगळ्या सभासदांना सारखाच हवा.

## टप्पा ४ : एसएनएफ आणि डिग्री

सगळ्यात जास्त पैसे इथे जातात, आणि सगळ्यात कमी लोक हा रकाना वाचतात.

एसएनएफ म्हणजे दुधातून पाणी आणि फॅट वगळून उरणारे घटक: प्रथिने, साखर, खनिजे. लॅक्टोमीटर वापरणाऱ्या संस्थेत हा आकडा थेट मोजलाच जात नाही. डिग्री आणि फॅट यांच्यावरून तो काढला जातो. सर्रास वापरलं जाणारं सूत्र असं:

एसएनएफ = (डिग्री ÷ ४) + (०.२ × फॅट) + ०.३६

शेवटचा ०.३६ आणि फॅटचा गुणक काही ठिकाणी थोडा वेगळा धरतात. तुमच्या संस्थेत कोणतं सूत्र आहे ते एकदा विचारून पासबुकाच्या आतल्या पानावर लिहून ठेवा.

आपल्या सकाळच्या दुधात फॅट ३.७ आणि डिग्री २८.५ आहे. २८.५ ÷ ४ = ७.१२५. त्यात ०.७४ आणि ०.३६ मिळवले की ८.२२५. म्हणजे एसएनएफ ८.२.

आता डिग्री एकाने घटवून पाहा: २७.५ ÷ ४ = ६.८७५, अधिक ०.७४, अधिक ०.३६, म्हणजे ७.९७५. दुसरा आकडा तोडणाऱ्या संस्थेत ७.९. एका डिग्रीच्या फरकाने एसएनएफचे तीन पॉइंट गेले. (पॉइंट म्हणजे ०.१.) फॅटचा एक पॉइंट गेला की आपण आवाज चढवतो, आणि डिग्रीचा एक आकडा जातो तेव्हा तो कुणी वाचतही नाही.

डिग्री एकाने का चुकते? मुख्य कारण तापमान. आपल्याकडचा लॅक्टोमीटर बहुतेक २७ अंश सेल्सिअसला आखलेला असतो. नळीवर तसं लिहिलेलं असतं, एकदा बघा. दूध त्याहून गरम असेल तर ते पातळ होतं आणि डिग्री कमी दिसते. म्हणून २७ च्या वरच्या दर अंशाला ०.२ मिळवायचे आणि खालच्या दर अंशाला ०.२ वजा करायचे. धार काढून तासाभरात नेलेलं दूध नागपूरच्या मे महिन्यात ३२ अंशांवर सहज असतं. लॅक्टोमीटर २७.५ दाखवेल. पाच अंश जास्त, म्हणजे १.० मिळवायचा, खरी डिग्री २८.५. थर्मामीटर न लावता २७.५ लिहिली तर वर काढलेले तीन पॉइंट गेलेच. डिसेंबरच्या सकाळी हिंगण्याकडून दुचाकीवर येणारं दूध २२ अंशांवर आलेलं असतं. तेव्हा हीच चूक सभासदाच्या फायद्याची होते, आणि तेव्हा कुणी तक्रार करत नाही.

दुसरं कारण फेस. ताज्या धारेच्या दुधात हवेचे बुडबुडे असतात, त्यातही डिग्री कमी येते. अर्धा तास दूध बसू द्यावं आणि मग हलक्या हाताने ढवळून नमुना द्यावा.

तिसरं कारण घरचं आहे. धुतलेल्या किटलीत राहिलेलं पाणी. ८.४ लिटरात २०० मिली पाणी म्हणजे अर्ध्या तांब्याहून कमी. पण एवढ्यानेच ८.२ चा एसएनएफ ८.० वर येतो. किटली धुतल्यावर उलटी टांगा.

### अ‍ॅनालायझर असेल तर

मिल्क अ‍ॅनालायझर तापमानाची दुरुस्ती आपणच करतं, पण त्याच्या चुका वेगळ्या. आधीच्या सफाईचं पाणी नळीत राहिलेलं असेल तर रांगेतल्या पहिल्या सभासदाचा नमुना पातळ होतो. म्हणून पहिला नमुना ओढून टाकून द्यायचा आणि मग मोजायचं. तुमचा एसएनएफ पहिला नंबर असेल त्याच दिवशी पडत असेल तर कारण हेच. पावत्यांवर वेळ छापलेली असते, त्यावरून हे कळतं.

अ‍ॅनालायझरच्या पावतीवर डिग्री छापलेली असते, पण ती लॅक्टोमीटर बुडवून घेतलेली नसते. मशीन फॅट आणि एसएनएफवरून ती उलटी काढतं. त्यामुळे वरचं सूत्र लावून 'मशीन बरोबर आहे' असं सिद्ध होत नाही. सूत्र लावून एवढंच कळतं की पासबुकात उतरवताना कुणी आकडा बदलला का.

तपासा : शंका आली तर त्याच नमुन्याची लगेच दुसऱ्यांदा चाचणी मागा. फॅटमध्ये ०.१ आणि एसएनएफमध्ये ०.१-०.२ चा फरक मशीनच्या मर्यादेतला आहे. त्याहून जास्त आला तर मशीनला सफाई किंवा जुळवणी हवी आहे.

### रकान्यांची जोडी वाचणे

फॅट आणि एसएनएफ शेजारी शेजारी ठेवून वाचले की कारण बरंचसं कळतं. दोन्ही एकाच प्रमाणात पडले तर पाणी. ३.७ आणि ८.२ च्या दुधात दहावा हिस्सा पाणी असेल तर ३.३ आणि ७.४ येतील. फॅट तीच आणि एसएनएफ एकाच वेळेला अचानक पडला, दुसऱ्या वेळेला पुन्हा जागेवर आला, तर तापमान, फेस किंवा मशीन. एसएनएफ एकच, फॅट मात्र वरखाली होते, तेव्हा नमुना नीट ढवळला नव्हता किंवा शेवटची धार वासराने प्यायली.

आणि एसएनएफ दोन-तीन आठवड्यांत हळूहळू ८.४ वरून ८.१ वर आला असेल, तर गोठ्याकडे पाहा. उन्हाळ्यात हिरवा चारा संपतो, जनावर उष्णतेने कमी खातं, पुढ्यात सोयाबीनचं नाहीतर तुरीचं कुटार तेवढं राहतं. कोरड्या कुटाराने फॅट टिकते, पण ऊर्जा कमी पडली की एसएनएफ उतरतो. लोक अशा वेळी सरकी ढेप वाढवतात आणि फॅटच पाहत बसतात. दाण्यातला मका किंवा ज्वारीचा भरडा थोडा वाढवला, दुपारी गोठ्यावर ओलं पोतं टाकलं, पाणी सावलीत ठेवलं तर एसएनएफ सावरायला मदत होते. भरडा वाढवायचा तो हळूहळू. एकदम वाढवला तर पोट बिघडतं आणि फॅटही पडते.

## टप्पा ५ : दर

आता तक्ता घ्या. आपल्या उदाहरणात ३.५ आणि ८.५ ला मूळ दर ३२ रुपये. फॅटचा दर पॉइंट वरखाली ३० पैसे. एसएनएफ ८.५ च्या खाली गेला की दर पॉइंटला ६० पैसे वजा.

सकाळ: फॅट ३.७, म्हणजे दोन पॉइंट वर, अधिक ६० पैसे. एसएनएफ ८.२, म्हणजे तीन पॉइंट खाली, वजा १.८० रुपये. दर ३०.८० रुपये.

संध्याकाळ: फॅट ४.१, म्हणजे सहा पॉइंट वर, अधिक १.८० रुपये. एसएनएफ ८.४, एक पॉइंट खाली, वजा ६० पैसे. दर ३३.२० रुपये.

सकाळच्या दुधाची फॅट मूळ दराच्या फॅटहून जास्त होती, तरी दर मूळ दराच्या खाली गेला. 'फॅट चांगली लागली, मग दर कसा कमी?' हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांचं उत्तर या एका ओळीत आहे.

तक्ता वाचताना तीन ठिकाणं नीट बघा. एक, एसएनएफ वाढल्यास काही मिळतं का. बऱ्याच तक्त्यांत कमीला कपात असते, वाढीला काही नसतं. दोन, कपातीचा टप्पा कुठे बदलतो; ८.३ किंवा ८.० च्या खाली गेल्यावर दर पॉइंटची कपात एकदम वाढवलेली असू शकते. तीन, फॅटला वरची मर्यादा आहे का. ठरावीक आकड्यापुढे फॅट वाढली तरी दर थांबतो.

सावध : शेजाऱ्याचा दर आणि तुमचा दर यांची तुलना एसएनएफ न पाहता करू नका. खाजगी गाडीवाल्याच्या तोंडी दराशी तर मुळीच नको. तो बहुधा फॅटवरच बोलतो, आणि कपात चुकाऱ्याच्या दिवशी सांगतो.

## टप्पा ६ : रक्कम आणि दहा दिवसांची बेरीज

सकाळ: ८.४ × ३०.८० = २५८.७२ रुपये. संध्याकाळी ५.६ लिटर: ५.६ × ३३.२० = १८५.९२ रुपये. दिवसाचे १४ लिटर, ४४४.६४ रुपये.

दर वेळेचा दर वेगळा काढायचा आणि रकमा मिळवायच्या, हीच पद्धत. काही जण (आणि काही संस्थाही) फॅटची साधी सरासरी काढून त्यावर दर लावतात. ३.७ आणि ४.१ ची साधी सरासरी ३.९. पण सकाळी दूध जास्त आहे, म्हणून खरी सरासरी लिटरच्या हिशोबाने काढावी लागते: (८.४ × ३.७ + ५.६ × ४.१) ÷ १४ = ३.८६. चुकाऱ्याच्या तळाशी जी 'सरासरी फॅट' छापलेली असते ती या पद्धतीची असते. घरी साधी सरासरी काढून ती जुळत नाही म्हणून भांडायला जाऊ नका.

वीसही ओळी गुणायचा कंटाळा येतो, ते ठीक आहे. मी लोकांना सांगतो, तीन ओळी पूर्ण तपासा: सगळ्यात कमी दराची, सगळ्यात जास्त दराची आणि डोळे मिटून बोट ठेवाल ती. मग सगळे लिटर मिळवा, सगळ्या रकमा मिळवा. आपल्या उदाहरणात दहा दिवसांचे १३९.५ लिटर आणि ४,४१८.४० रुपये झाले. भागाकार ३१.६७ रुपये. हा सरासरी दर त्या काळातल्या सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त दराच्या मध्ये असलाच पाहिजे. नसेल तर बेरजेत चूक आहे.

तपासा : वीस वेळांच्या वीस ओळी आहेत का. वीज नसल्याने मशीन बंद होतं त्या दिवसाची नोंद मागाहून भरली जाते, आणि कधी भरलीच जात नाही. त्या दिवशी कोणती फॅट धरली, आदल्या दिवसाची की सरासरी, ते विचारा.

## टप्पा ७ : कपाती

कपातीत दोन जाती असतात. एक, तुम्ही घेतलेल्या गोष्टीचे पैसे: पशुखाद्य, उचल, कृत्रिम रेतन, औषध, कर्जाचा हप्ता. दुसरी, तुमच्याच नावावर साठणारे पैसे: भागभांडवल आणि ठेव. पासबुकात दोन्ही एकाखाली एक लिहिलेल्या असल्याने सगळं 'कापलं' असंच वाटतं. ठेव मात्र तुमची आहे, आणि ती कुठल्या पानावर जमा होतेय हे पाहिलं पाहिजे.

आपला चुकारा असा:

- दुधाची रक्कम: ४,४१८.४० रुपये
- पशुखाद्य हप्ता: १,५००.०० रुपये
- उचल: ५००.०० रुपये
- कृत्रिम रेतन: १००.०० रुपये
- भागभांडवल: ५०.०० रुपये
- ठेव, लिटरमागे २५ पैसे: ३४.८८ रुपये
- एकूण कपात: २,१८४.८८ रुपये
- देय: २,२३३.५२ रुपये

बेरीज जुळते. ठेवही जुळते: १३९.५ × ०.२५ = ३४.८७५. म्हणजे सगळं ठीक? अजून एक पान उलटायचं आहे, पशुखाद्याच्या खात्याचं.

मागच्या चुकाऱ्याअखेर ढेपेची बाकी १,७५० रुपये होती. या दहा दिवसांत आणखी एक पोतं घेतलं, चिठ्ठीवर किंमत १,७५०. एकूण ३,५००. हप्ता १,५०० गेला, म्हणून बाकी २,००० हवी. खात्यात २,२५० दिसते. अडीचशे रुपये कुठून आले? चिठ्ठीची तारीख पाहिली तर पोतं महिन्याच्या ४ तारखेला उचललं, पण संगणकात नोंद ८ तारखेला झाली, आणि मधल्या काळात ढेपेचा भाव पोत्यामागे २५० नी वाढला होता. नोंदीच्या दिवसाचा भाव लागला. चुकाऱ्याच्या पानावर ही चूक दिसतच नाही, कारण हप्ता तोच १,५०० आहे. पुढच्या चुकाऱ्यात मात्र ती वसूल होते. चिठ्ठी जवळ असेल तरच ही चूक पकडता येते.

उधारीच्या प्रत्येक खात्याला हा एकच हिशोब लावायचा: मागची बाकी, अधिक नवीन उचल, वजा हप्ता, बरोबर आजची बाकी.

आणखी दोन ठिकाणी पाहा. देय २,२३३.५२ असताना खात्यात २,२३३ जमा झाले, तर ५२ पैसे 'मागील बाकी' म्हणून पुढच्या पानावर यायला हवेत. आणि एकदाच घ्यायची रक्कम, जसं प्रवेश फी किंवा पासबुकाची किंमत, ती पुन्हा पुन्हा लागत नाही ना.

सावध : सरकारचं दूध अनुदान या पानावर शोधू नका. २०२४ मध्ये गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपयांचं अनुदान सुरू झालं तेव्हा ते थेट उत्पादकाच्या बँक खात्यात येणार होतं, आणि त्यासाठी जनावराच्या कानातला बिल्ला नोंदलेला असणं गरजेचं होतं. त्या वेळचं अनुदान आलं नसेल तर बिल्ल्याचा क्रमांक आणि आधारशी जोडलेलं खातं आधी तपासा, चुकाऱ्याच्या कपाती नंतर.

## टप्पा ८ : चूक सापडली, आता काय

फॅट-एसएनएफची तक्रार त्याच वेळी करायची असते. नमुना फेकला गेल्यावर 'परवाची फॅट चुकली' याला काही पुरावा उरत नाही. नमुना समोर असताना दुसरी चाचणी मागा. मशीनवरच विश्वास नसेल तर गर्बर पद्धतीने फॅट काढायला सांगा: ब्युटिरोमीटरच्या नळीत १० मिली आम्ल, १०.७५ मिली दूध, १ मिली अमाईल अल्कोहोल, आणि मग फिरकी. हे काम आम्लाचं आहे, ते संस्थेच्या माणसानेच करावं. तुम्ही नळीवरचा आकडा वाचायला उभे राहा.

वजन, दर, बेरीज आणि कपात यांची तक्रार चुकारा मिळाल्यावरही करता येते, पण तोंडी नको. तारीख, वेळ, पावतीवरचा आकडा, पासबुकातला आकडा आणि फरक अशी एक ओळ कागदावर लिहा आणि पोच घ्या. "सचिव साहेब, एवढी एक ओळ बघून द्या," म्हटलं की माणूस वही काढतो. "तुमच्याकडे सगळा घोळ आहे," म्हटलं की वही बंद होते.

संस्था रजिस्टर दाखवत नसेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चं कलम ३२ लक्षात ठेवा. संस्थेच्या ज्या नोंदींत तुमचे व्यवहार लिहिलेले आहेत तो भाग सभासदाला कार्यालयीन वेळेत विनाशुल्क पाहता येतो. प्रती हव्या असतील तर लेखी अर्ज करून फी भरायची. फी भरल्यापासून एक महिन्यात त्या द्याव्या लागतात. हा हक्क सभासदाचा आहे. तुम्ही नुसतं दूध घालत असाल आणि भाग घेतलेला नसेल, तर आधी सभासद व्हा.

तरीही दाद नाही मिळाली तर कपात, रजिस्टर आणि कारभाराची तक्रार सहायक निबंधक, सहकारी संस्था (दुग्ध) यांच्याकडे जाते. काट्याची तक्रार वैधमापनशास्त्र विभागाकडे, ती वेगळ्या कागदावर. दोन्ही एकाच अर्जात कोंबल्या की अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. अर्जाला पावत्यांच्या झेरॉक्स जोडा, मूळ पावत्या आणि पासबुक हातचे सोडू नका. जुनं पासबुक भरलं तरी दिवाळीचा रिबेट हातात पडेपर्यंत ते जपून ठेवा, कारण रिबेट वर्षभराच्या लिटरवर काढतात आणि ते लिटर त्याच पानांवर आहेत.